थर्मल पावतीवर करडा रंग कुठून येतो?

दुकानात बिल छापणाऱ्या छोट्या थर्मल प्रिंटरमध्ये शाई नसते. कागदावरच एक लेप असतो, तो तापला की काळा पडतो. ५८ मिलिमीटरचा रोल लागणाऱ्या नेहमीच्या प्रिंटरमध्ये छपाईची रुंदी ४८ मिलिमीटर असते आणि दर मिलिमीटरला ८ ठिपके, म्हणजे एका ओळीत ३८४ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला दोनच पर्याय: तापवायचा किंवा नाही तापवायचा. अर्धवट तापवून करडा काढायची सोय या साध्या मशीनमध्ये नसते.

तरीही त्याच मशीनवर दुकानाच्या मालकाचा फोटो किंवा गणपतीचं चित्र बऱ्यापैकी उतरतं. गालावरची सावली दिसते, कपाळ उजळ दिसतं. भिंग लावलं तर मात्र फक्त काळे ठिपके आणि मधे कोरा कागद. करडा रंग कागदावर नाहीच, तो आपल्या डोळ्यात तयार होतो. एक ठिपका मिलिमीटरचा आठवा भाग. पावती डोळ्यांपासून दोन फुटांवर धरली तर हे ठिपके सुटे दिसण्याच्या मर्यादेखाली जातात आणि आपल्याला त्या भागाची फक्त सरासरी जाणवते. शंभरातले चाळीस ठिपके काळे असतील तर फिकट करडा, सत्तर असतील तर गडद.

म्हणजे प्रश्न किती ठिपके काळे करायचे हा नाही, तो हिशोब सोपा आहे. खरा प्रश्न आहे कोणते करायचे. त्याची दोन जुनी आणि आजही रोज वापरात असलेली उत्तरं आहेत: ऑर्डर्ड डिदरिंग आणि एरर डिफ्यूजन. दोन्ही एकाच छोट्या चौकोनावर हाताने करून बघू. कागद-पेन घेऊन बसलात तर उत्तम.

आपला चौकोन

ग्रेस्केल चित्रात प्रत्येक पिक्सेलला ० ते २५५ मधला एक आकडा असतो. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. आपण ४ बाय ४ चा तुकडा घेऊ आणि त्यातले सगळे सोळा पिक्सेल ९६ धरू, म्हणजे जरा गडद, सपाट करडा. सपाट तुकडा मुद्दाम घेतला आहे. त्यात चित्र काहीच नाही, त्यामुळे जी नक्षी दिसेल ती फक्त पद्धतीची असेल.

सोळा ठिपक्यांपैकी किती पांढरे हवेत? ९६ भागिले २५५ गुणिले १६, साधारण ६. हा आकडा लक्षात ठेवा, दोन्ही पद्धतींची परीक्षा त्यावर आहे.

आधी सगळ्यात भोळी पद्धत. १२८ ला रेघ मारायची: १२८ किंवा जास्त असेल तर पांढरा, कमी असेल तर काळा. या रेघेला थ्रेशोल्ड म्हणतात. ९६ हा १२८ पेक्षा कमी, म्हणून सोळाच्या सोळा काळे. सहा पांढरे हवे होते, एकही नाही. मालकाच्या फोटोवर हे केलं तर अर्धा चेहरा काळा ठिक्कर आणि अर्धा कोरा येतो. त्यांच्या जुन्या झेरॉक्सची आठवण येईल असा.

प्रत्येक जागेला वेगळी रेघ

ऑर्डर्ड डिदरिंगची कल्पना एका वाक्यात सांगता येते: सगळ्या पिक्सेलना एकच थ्रेशोल्ड लावायचा नाही, जागेनुसार वेगवेगळा लावायचा. हे थ्रेशोल्ड एका छोट्या तक्त्यात लिहिलेले असतात आणि तो तक्ता फरशीसारखा पूर्ण चित्रभर पुन्हा पुन्हा मांडतात. सर्वांत प्रसिद्ध तक्ता ब्राइस बेयर यांनी १९७३ मध्ये मांडला. ते कोडॅकमध्ये संशोधक होते. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल, हिरव्या, निळ्या चौकोनांची जी जाळी असते, तीही याच बेयर यांची.

४ बाय ४ चा तक्ता असा:

```
 ०   ८   २  १०
१२   ४  १४   ६
 ३  ११   १   ९
१५   ७  १३   ५
```

० ते १५ असे सोळा क्रमांक, प्रत्येक एकदाच. मांडणी गोंधळाची वाटते, पण बोट ठेवून ०, १, २, ३ शोधा. ० डावीकडे वरच्या कोपऱ्यात. १ त्याच्यापासून दोन घरं उजवीकडे आणि दोन खाली. तक्ता शेजारी शेजारी मांडलेला आहे हे धरलं, तर त्यापेक्षा लांब जागाच नाही. मग २ आणि ३ उरलेल्या मोकळ्या जागी. प्रत्येक नवा क्रमांक आधीच्यांपासून शक्य तितका दूर जाऊन बसतो. कारण हा खरं तर पांढरे ठिपके उमटवण्याचा क्रम आहे: एकच ठिपका पांढरा करायचा असेल तर ० च्या जागी, दोन करायचे असतील तर ० आणि १ च्या जागी. पांढरे ठिपके एका कोपऱ्यात गर्दी करत नाहीत, पसरून पडतात. पसरलेले ठिपके डोळ्याला लवकर एकजीव वाटतात.

क्रमांकाचा थ्रेशोल्ड करायला त्यात अर्धा मिळवून १६ ने गुणायचं. ० चा होतो ८, १ चा २४, १५ चा २४८. पूर्ण तक्ता:

```
  ८  १३६   ४०  १६८
२००   ७२  २३२  १०४
 ५६  १८४   २४  १५२
२४८  १२०  २१६   ८८
```

आता आपला ९६ प्रत्येक घरात ताडून बघा. पहिल्या ओळीत ८ आणि ४० त्याच्यापेक्षा लहान, म्हणून तिथे पांढरा. दुसऱ्या ओळीत फक्त ७२. तिसरीत ५६ आणि २४. चौथीत ८८. पांढऱ्याला ○ आणि काळ्याला ● लिहिलं तर:

```
○ ● ○ ●
● ○ ● ●
○ ● ○ ●
● ● ● ○
```

मोजा: बरोबर सहा. सरासरी ९५.६, हव्या असलेल्या ९६ च्या अगदी जवळ.

या पद्धतीची खरी ताकद तिच्या हिशोबात आहे. प्रत्येक पिक्सेलचा निकाल त्याची किंमत आणि त्याची जागा एवढ्यावरच लागतो. शेजाऱ्याचं काय झालं हे विचारावं लागत नाही. म्हणून हजारो पिक्सेलचे निकाल एकाच वेळी लावता येतात, आणि व्हिडिओत किंवा गेममध्ये एखादी वस्तू हलली तर बाकीच्या पडद्यावरचे ठिपके जागचे हलत नाहीत. पायथनमध्ये हे सगळं तीन ओळींत बसतं. इथे `np` म्हणजे नमपाय लायब्ररी आणि `a` म्हणजे `h` ओळी आणि `w` स्तंभ असलेलं ग्रेस्केल चित्र:

```
m = np.array([[0,8,2,10],[12,4,14,6],[3,11,1,9],[15,7,13,5]])
t = np.tile((m + 0.5) * 16, (h//4 + 1, w//4 + 1))[:h, :w]
out = (a > t) * 255
```

आता खोट. ९६ च्या जागी १०० घेतला तर? ८८ आणि १०४ या दोन थ्रेशोल्डच्या मधे काहीच नाही, त्यामुळे ८९ पासून १०४ पर्यंत कोणताही आकडा घेतला तरी हेच सहा ठिपके. सोळा घरांच्या तक्त्यातून शून्य ते सोळा अशा फक्त १७ छटा निघतात. संध्याकाळच्या आभाळासारखा हळूहळू बदलणारा भाग असेल तर तिथे पायऱ्या दिसतात, आणि प्रत्येक पायरीची विणकामासारखी स्वतःची नक्षी असते. ८ बाय ८ चा तक्ता घेतला तर ६५ छटा मिळतात आणि पायऱ्या बारीक होतात. पण चौकड्यांची जाळी जात नाही, कारण तक्ता ठरावीक अंतराने परत येतो आणि डोळ्याला अशी पुनरावृत्ती हुडकायची खोडच आहे. जुन्या व्हिडिओगेमच्या शौकिनांना हीच नक्षी आवडते, तो भाग वेगळा.

उरलेलं पुढच्याच्या खात्यावर

दुसरी पद्धत रॉबर्ट फ्लॉइड आणि लुईस स्टाइनबर्ग यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. तिचा स्वभाव दुकानातल्या वहीसारखा आहे. सुटे नसले की दुकानदार उरलेली रक्कम सोडून देत नाही, खात्यावर मांडतो आणि पुढच्या वेळी वळती करतो. इथे सुटे कधीच नसतात, देणं एकतर ० चं किंवा २५५ चं. त्यामुळे प्रत्येक पिक्सेलला काहीतरी बाकी राहते, आणि ती ज्यांचा निकाल अजून लागायचा आहे अशा शेजाऱ्यांच्या खात्यावर चढते.

डावीकडून उजवीकडे, वरून खाली, वाचतो तसं जायचं. पिक्सेलला १२८ चीच रेघ लावायची. पिक्सेलची किंमत वजा दिलेला रंग, ही झाली चूक, तांत्रिक भाषेत एरर. ती सोळा भागांत वाटायची:

```
          *    ७
    ३     ५    १
```

तारा म्हणजे आत्ताचा पिक्सेल. ७ भाग उजवीकडच्याला, ५ बरोबर खालच्याला, ३ खाली डावीकडे, १ खाली उजवीकडे. सगळे मिळून १६, म्हणजे काही हरवत नाही. हेच आकडे का, यामागे एक कारण असं की बरोबर मधल्या करड्याला यांतून बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक नक्षी निघते.

आपल्या चौकोनाकडे येऊ. पहिला पिक्सेल ९६. १२८ पेक्षा कमी, म्हणून काळा. चूक ९६ − ० = ९६. हा आकडा मी मुद्दाम निवडला होता, सोळाने सुबक भागतो: उजवीकडे ४२, खाली ३०, खाली उजवीकडे ६. खाली डावीकडचे १८ मात्र चित्राच्या बाहेर जातात, ते गेले.

दुसरा पिक्सेल स्वतःचा ९६ अधिक आलेले ४२, म्हणजे १३८. आता तो १२८ च्या वर, म्हणून पांढरा. पण पांढरा म्हणजे २५५, आणि होते फक्त १३८. चूक १३८ − २५५ = −११७. उणे आहे याचा अर्थ आपण जास्त उजेड देऊन बसलो, आता शेजाऱ्यांकडून तो वसूल करायचा. उजवीकडे −५१ जातात.

तिसरा: ९६ − ५१ = ४५, काळा, चूक ४५. त्यातले सुमारे २० उजवीकडे. चौथा: ९६ + २० = ११६. थोडक्यात चुकला, काळाच. पहिली ओळ झाली: काळा, पांढरा, काळा, काळा.

दुसऱ्या ओळीचा पहिला पिक्सेल बघू, कारण इथे वरून आलेली बाकी दिसते. स्वतःचे ९६, डोक्यावरच्या पिक्सेलकडून ३०, आणि वर उजवीकडच्या पांढऱ्या पिक्सेलकडून −११७ चे ३ भाग म्हणजे −२२. एकूण १०४, काळा. असंच पुढे जात राहिलं की प्रत्येक पिक्सेलला निकालाच्या क्षणी जी किंमत असते ती अशी. अपूर्णांक हिशोबात तसेच ठेवले आहेत, फक्त लिहिताना पूर्णांक केले आहेत:

```
 ९६  १३८   ४५  ११६        ● ○ ● ●
१०४  ११९  १७७  १०१        ● ● ○ ●
१५१   ८०  १३३   ६९        ○ ● ○ ●
 ७८  १२६  १३१   ५६        ● ● ○ ●
```

मोजा. पाच. सहा हवे होते!

चूक हिशोबात नाही. सुरुवातीला सोळा पिक्सेलचे मिळून १५३६ होते, पाच पांढऱ्यांचे झाले १२७५. उरलेले २६१, म्हणजे साधारण एका पांढऱ्या ठिपक्याचा ऐवज, चित्राच्या कडांवरून बाहेर पडला: डावीकडून, शेवटच्या ओळीखालून आणि सगळ्यात जास्त उजवीकडून. सोळा पिक्सेलच्या तुकड्यात बारा कडेवरच असतात, म्हणून गळती एवढी दिसते. ३८४ ठिपके रुंद फोटोत ती शोधूनही सापडत नाही. आपला प्रोग्राम बरोबर चालतोय का हे बघायचं असेल तर हीच परीक्षा मोठ्या चित्रावर घ्या: आधीची सरासरी आणि नंतरची सरासरी जवळपास सारखी यायला हवी. दोन-चारपेक्षा जास्त फरक आला तर वाटणीत कुठेतरी गडबड आहे.

आणि ती गडबड बहुतेक वेळा एकाच जागी असते. चित्राचे आकडे ८ बिटच्या खणांत ठेवलेले असतात, त्यांत उणे आकडा मावत नाही. आधीच कमी किंमत असलेल्या पिक्सेलच्या खात्यावर उणे बाकी चढली आणि हिशोब −२२ वर गेला, की काही भाषांत खण गुपचूप फिरून २३४ होतो, आणि गडद केसांत पांढरे दाणे उमटतात. वरच्या बाजूला उलट, २५५ च्या पलीकडे गेलेला आकडा फिरून लहान होतो आणि उजळ कपाळावर काळे शिंतोडे येतात. उपाय साधा आहे, हिशोबाच्या आधी चित्र दशांशात न्यायचं. खाली `dtype=float` त्यासाठीच आहे, आणि `Image` पिलो लायब्ररीतून घेतलेलं आहे:

```
a = np.array(Image.open("photo.png").convert("L"), dtype=float)
h, w = a.shape
for y in range(h):
    for x in range(w):
        old = a[y, x]
        a[y, x] = 255 if old >= 128 else 0
        e = old - a[y, x]
        if x+1 < w: a[y, x+1] += e * 7/16
        if y+1 < h:
            if x > 0: a[y+1, x-1] += e * 3/16
            a[y+1, x] += e * 5/16
            if x+1 < w: a[y+1, x+1] += e * 1/16
```

रोजच्या कामासाठी एवढंही लिहायची गरज नाही. पायथनच्या पिलो लायब्ररीत `convert("1")` म्हटलं की ती न सांगताच फ्लॉइड-स्टाइनबर्ग लावते. ज्यांना साधा थ्रेशोल्ड हवा असतो ते इथेच बुचकळ्यात पडतात.

एरर डिफ्यूजनचे फोटो बेयरपेक्षा तपशीलवार दिसतात. तक्ता नसल्याने जाळी नाही आणि १७ छटांची मर्यादाही नाही. १०० आणि १०१ मधला फरकसुद्धा वहीत साठत जातो आणि कुठेतरी एक जादा ठिपका होऊन बाहेर पडतो. पण याची किंमत मोजावी लागते. प्रत्येक निकाल आधीच्या निकालांवर अवलंबून असल्याने काम ओळीनेच करावं लागतं. एका कोपऱ्यातला एक पिक्सेल बदलला तर त्याच्या पुढची आणि खालची नक्षी हलू शकते, म्हणून व्हिडिओत ही पद्धत वापरली की सपाट भिंतसुद्धा मुंग्यांसारखी वळवळते.

अजून एक दोष फार मजेशीर आहे आणि तो आकड्यांत पकडता येतो. खूप गडद सपाट भाग घ्या, समजा सगळे पिक्सेल ८. इथे सुमारे बत्तीसात एक ठिपका पांढरा हवा. पहिल्या ओळीत बाकी उजवीकडे सरकत वाढत जाते, पण दर वेळी सोळापैकी फक्त सातच भाग पुढे जातात, म्हणून ती १४ च्या आसपास येऊन थांबते. १२८ फार लांब राहतात. उरलेले नऊ भाग खाली गेलेले असतात, त्यामुळे दुसऱ्या ओळीत २८, तिसरीत ४३ च्या आसपास, असं दर ओळीला १४ ने चढत जातं. १२८ गाठेपर्यंत नऊ-दहा ओळी उलटतात आणि तोवर एकही पांढरा ठिपका पडत नाही. गडद फोटोची वरची कड म्हणून ठार काळी दिसते, आणि उजळ पार्श्वभूमीच्या फोटोत तेच उलटं, वर कोरी पट्टी. त्यानंतर ठिपके यायला लागले की तिरक्या रांगा करून येतात. या रांगांना अळ्या म्हणतात, आणि खरोखर तशाच दिसतात. एक ओळ डावीकडून आणि पुढची उजवीकडून, बैल नांगर वळवतो तसं गेलं, की अळ्या बऱ्याच कमी होतात. वाटणीचा नकाशाही तेव्हा आरशासारखा उलटा करायला विसरू नये.

ॲपलच्या पहिल्या मॅकिंटॉशचा पडदा असाच दोन रंगांचा होता, आणि तिथे बिल ॲटकिन्सन यांनी वेगळी वाटणी वापरली: चुकीचे आठ भाग, पण वाटायचे त्यातले सहाच. दोन भाग मुद्दाम सोडून द्यायचे. परिणामी फार गडद भाग पूर्ण काळे आणि फार उजळ भाग पूर्ण कोरे होतात, पण मधल्या छटा खणखणीत उठतात. सरासरीची परीक्षा यात नापास होते, आणि तरीही छोट्या चित्रांना मला तीच जास्त आवडते.

कागदावर येताना

आत्तापर्यंत एक गोष्ट गृहीत धरली होती: ९६ म्हणजे २५५ च्या सुमारे ३८ टक्के, म्हणून ३८ टक्के उजेड. फोटोच्या फाइलमध्ये तसं नसतं. त्यातले आकडे डोळ्याच्या सोयीने ताणलेले असतात, गडद छटांना जास्त आकडे मिळावेत म्हणून. पडद्यावर ९६ चा पिक्सेल पांढऱ्याच्या जेमतेम १२ टक्के उजेड देतो. ठिपक्यांची बेरीज मात्र खऱ्या उजेडातच होते. म्हणजे पडद्यावर अचूक छटा हवी असेल तर आधी ९६ चं रूपांतर उजेडाच्या मापात करावं लागेल, ते येतं सुमारे ३०. आणि बेयरच्या तक्त्यात ३० पेक्षा लहान थ्रेशोल्ड दोनच आहेत, ८ आणि २४. सहा नाही, दोनच ठिपके पांढरे! हे रूपांतर न करता डिदर केलेला फोटो पडद्यावर म्हणूनच मूळ फोटोपेक्षा धुतल्यासारखा फिका दिसतो.

थर्मल कागदावर गंमत उलटी होते. तापलेला ठिपका आपल्या चौकोनाबाहेर थोडा पसरतो, त्यामुळे दोन काळ्यांमधली एकटी पांढरी जागा आकसते आणि छपाई हिशोबापेक्षा गडद येते. एक चूक दुसरीला काही अंशी झाकते आणि बरेच लोक रूपांतर न करताच ठीकठाक फोटो छापतात. पक्कं काम करायचं असेल तर कोरड्या सूत्रावर विसंबू नये. सपाट करड्याच्या आठ-दहा पट्ट्या डिदर करून त्याच मशीनवर, त्याच रोलवर छापाव्यात, आणि ज्या पट्ट्या मिसळून सलग काळ्या दिसतात तिथली छटा फोटोत आधीच उजळ करून घ्यावी. वर्तमानपत्रं हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवतात. तिथल्या जाळीत ठिपके पसरवत नाहीत, गोळा करून लहान-मोठे करतात, कारण शाई पसरली तरी मोठ्या ठिपक्याची कड प्रमाणात कमी बिघडते.

मराठीत बिल छापणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र आवर्जून पाहावी. स्वस्त थर्मल प्रिंटरला देवनागरीची जोडाक्षरं नीट छापता येत नाहीत, म्हणून बरीच ॲप्स मजकुराचं चित्र करून तेच पाठवतात. चित्र करताना अक्षरांच्या कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून त्या करड्या रंगवल्या जातात. शिरोरेघ बारीक असेल आणि दोन पिक्सेल-ओळींच्या मधे पडली तर ती पूर्ण काळी राहत नाही, करडी होते. समजा ती नेमकी ९६ झाली. बेयरच्या तक्त्याच्या पहिल्या ओळीवर आली तर थ्रेशोल्ड ८, १३६, ४०, १६८, म्हणजे पांढरा, काळा, पांढरा, काळा: शिरोरेघेच्या जागी टिंबांची रांग. एरर डिफ्यूजननेही सुटका नाही, कारण कोऱ्या पांढऱ्यातून बाकी येत नाही आणि रेघेचा हिशोब आपल्या पहिल्या ओळीसारखाच चालतो: काळा, पांढरा, काळा, काळा. दोन्हीकडे रेघ तुटते. आणि ज्या भोळ्या थ्रेशोल्डला आपण सुरुवातीला मोडीत काढलं, तो ९६ ला सलग काळा करतो आणि शिरोरेघ अखंड राहते.

म्हणून फोटो, मजकूर आणि क्यूआर कोड हे तीन वेगळे ठेवायचे. फोटो ३८४ च्या हिशोबात आधी हव्या त्या रुंदीला आणायचा आणि मग डिदर करायचा. मजकुराला साधा थ्रेशोल्ड. क्यूआर कोडला तर करडं काही मिळूच द्यायचं नाही, त्याचा प्रत्येक चौकोन पूर्ण ठिपक्यांचा, तीन बाय तीन किंवा चार बाय चार, असा थेट आखायचा. तिन्ही दोन रंगांत आल्यावरच एका चित्रात चिकटवायचे. तयार झालेलं चित्र पुन्हा लहान-मोठं केलं तर ठिपके एकमेकांत मिसळून नवेच पट्टे उठतात, आणि जेपेगमध्ये साठवलं किंवा व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं तर प्रत्येक ठिपक्याभोवती करडी धूळ जमते, जिला प्रिंटर परत डिदर करतो. ते पीएनजीमध्ये, एका पिक्सेलला एक बिट असं ठेवावं, आणि पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावं.